फौजदाराचा थकलेला पगार

नमस्कार मंडळी. आज विषय जरा कोर्टाचा आहे, पण रेडिओ बंद करू नका, घरातलाच विषय आहे, कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात नाहीतर शेजारी कोणीतरी सरकारी नोकरीत असतंच. तलाठी, नर्स, पोलीस, पाटबंधारे खात्यातला क्लार्क. आणि अशा घरात कधी ना कधी हा संवाद झालेला असतो की सरकारने माझे पैसे दिले नाहीत, मग मी सरकारवर केस करू शकतो का? आणि घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, अरे सरकारशी कोण भांडणार, ते तर सरकार आहे.

हे जे वाक्य आहे ना, 'ते तर सरकार आहे', त्यातच सगळी गंमत आहे. सरकारच्या डोक्यावर दोन टोप्या असतात. एक मालकाची, म्हणजे कामावर ठेवणार, महिन्याच्या महिन्याला पगार देणार. आणि दुसरी राजाची, म्हणजे कायदे करणार, नियम बदलणार. कारखान्याच्या मालकाला एकच टोपी असते. सरकार मात्र सोयीने टोपी बदलतं, पैसे द्यायची वेळ आली की मालकाची टोपी खिशात आणि राजाची डोक्यावर.

यावर मला एक केस फार आवडते, वकिलीच्या दिवसांत मी ज्युनियर पोरांना ही इतक्यांदा सांगितलीय की ती माझ्या आधी शेवट सांगायची. तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतोच.

बिहारमधली गोष्ट. अब्दुल मजीद नावाचे एक पोलीस सब-इन्स्पेक्टर, म्हणजे आपल्या भाषेत फौजदार. 1920 साली नोकरीला लागले, इंग्रजांचा काळ, नेमणूक केली ती पोलीस खात्याच्या सगळ्यात वरच्या साहेबांनी, म्हणजे इन्स्पेक्टर जनरलनी. हे लक्षात ठेवा, नेमणूक कोणी केली ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मग 1937 च्या सुमाराला त्यांच्यावर खात्याची चौकशी लागली. आरोप काय, तर भ्याडपणा! आता फौजदारावर लाच घेतल्याचा आरोप आपण ऐकलाय, मारहाणीचा ऐकलाय, पण भ्याडपणाचा आरोप म्हणजे बघा. शिक्षा म्हणून खालच्या पदावर उतरवलं. हे अपिलात गेले, की बाबा ही शिक्षा जास्त आहे. ते अपील आलं डेप्युटी इन्स्पेक्टर जनरलकडे, आणि त्या साहेबांनी शिक्षा कमी करायच्या ऐवजी 1940 मध्ये थेट बडतर्फच केलं. म्हणजे माणूस गेला दाद मागायला आणि हातची नोकरी घालवून घरी आला.

पण साहेबांकडून एक चूक झाली होती. तेव्हाच्या 1935 च्या भारत सरकार कायद्यातच लिहिलं होतं की ज्याने नेमलं त्याच्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचं नाही. नेमलं कोणी? इन्स्पेक्टर जनरलनी. काढलं कोणी? त्यांच्या हाताखालच्या डेप्युटीने. झालं, ऑर्डरच बेकायदेशीर. फौजदारसाहेबांनी दिवाणी दावा लावला, केस वर्षानुवर्षं चालली (कोर्टाच्या तारखांबद्दल मी बोलायला लागलो तर आजचा वेळ त्यातच जाईल, राहू दे), आणि मधल्या काळात सरकारने त्यांना गुपचूप परत कामावर घेतलं.

तुम्ही म्हणाल मिटलं. नाही मिटलं. घरी बसलेल्या काळाचा पगार राहिला ना! रक्कम केवढी, तर तीन हजार रुपयांच्या आसपास. हायकोर्ट म्हणालं द्या. सरकार म्हणालं देणार नाही. तीन हजारांसाठी बिहार सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. सरकारी वकिलाची फी किती झाली असेल याचा हिशेब मी कधीच लावू शकलो नाही, पण सरकार स्वतःच्या खिशातून लढत नाही, आपल्या खिशातून लढतं, त्यामुळे त्याला हिशेब लागत नाही, हे माझं जुनं मत आहे.

आता सरकारचं म्हणणं ऐका. ते म्हणालं, सरकारी नोकर राजाच्या मर्जीने नोकरीत असतो, आणि म्हणून त्याचा पगार हे देणं नाही, ती राजाची बक्षिसी आहे. बक्षिसी मिळाली तर घ्यायची, नाही मिळाली तर कोर्टात जाऊन मागता येत नाही. बघा, टोपी बदलली!

आणि हा मुद्दा आला कुठून, तर एका नवरा-बायकोच्या भांडणातून. 1943 मध्ये इंग्लंडच्या कोर्टात एका बाईंनी नवऱ्याच्या पगारावर जप्ती मागितली होती. नवरा भारतात आयसीएस अधिकारी, त्याचा काही पगार पौंडात तिकडे जमा व्हायचा. कोर्ट म्हणालं, जप्ती करता येणार नाही, कारण राजा नोकराचं देणंच लागत नाही, मग जप्त काय करणार? त्या बाईंचं काय झालं कुणास ठाऊक, पण त्यांची केस पुढे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हा आपल्यासाठी लंडनमध्ये जे सगळ्यात वरचं कोर्ट होतं त्याने, उचलली. 1948 मध्ये आय. एम. लाल नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याच्या केसमध्ये बडतर्फी रद्द धरली, पण मागचा पगार नाही म्हणून सांगितलं. म्हणजे तुझी नोकरी कधी गेलीच नव्हती, फक्त पैसे मागू नकोस!

तर हे सगळं फौजदाराच्या अंगावर आलं. 1954 साल, पाच न्यायाधीश, निकाल लिहिला सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांनी. आणि त्यांनी काय दाखवलं माहितीये? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60. म्हणजे जप्तीचं कलम. त्यात लिहिलंय की सरकारी नोकराच्या पगाराचा काही भाग सावकार कोर्टामार्फत जप्त करू शकतो. आता तुम्हीच सांगा, पतसंस्थेचं कर्ज थकलं की पगारातून कपात होते की नाही? सावकाराला जर तो पगार कोर्टातून मिळतो, तर तो पगार ज्याने कमावला त्याला कोर्टातून का मिळू नये? बक्षिसीवर जप्ती येत नाही, जप्ती देण्यावर येते. म्हणजे पगार हे देणंच आहे.

दुसरं त्यांनी सांगितलं की इंग्लंडात राजाविरुद्ध जायला राजाचीच परवानगी लागायची, आपल्याकडे तसं कधी नव्हतंच, कंपनी सरकारवर दावे व्हायचे, 1858 नंतर तोच हक्क पुढे चालू राहिला. तेव्हा इंग्लंडचा नियम इकडे आणू नका. फौजदाराला पैसे द्या. पगार मेहेरबानी नाही, पगार देणं आहे. पुन्हा सांगतो, पगार मेहेरबानी नाही, देणं आहे.

माझी ही गोष्ट सांगण्यात बराच वेळ गेला, तर आता पुढचं भराभर सांगतो.

राजाची टोपी पूर्ण गेली का? नाही. राज्यघटनेच्या कलम 310 मध्ये मर्जी अजून आहे, सरकारी नोकर राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या मर्जीने पदावर असतो. पण कलम 311 ने त्या मर्जीला लगाम घातलाय. नेमणाऱ्यापेक्षा खालच्याने काढायचं नाही, आणि चौकशी करून, बाजू ऐकून मगच काढायचं, याला काही अपवाद आहेत. फौजदाराचा मुद्दा तिथे जसाच्या तसा दिसेल.

राजाची टोपी जास्त दिसते ती नियम बदलताना. 1967 मध्ये रोशनलाल टंडन या रेल्वेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी नोकरीची सुरुवात कराराने होते, पण एकदा आत गेलात की करार मागे पडतो आणि तुम्हाला एक दर्जा मिळतो, आणि त्या दर्जाचे नियम सरकार एकतर्फी बदलू शकतं. आत जाताना करार, आत गेल्यावर दर्जा. उदाहरण देतो. 1983 मध्ये आंध्रात एन. टी. रामाराव सरकारने निवृत्तीचं वय 58 वरून 55 केलं. हजारो लोक एका झटक्यात घरी. लोक कोर्टात गेले, 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचंच बरोबर धरलं. मालक म्हणून कागदावर सही करून हे जमलं नसतं, नियम करणारा म्हणून जमलं. केलेल्या कामाचा पगार मात्र नियम बदलून बुडवता येत नाही.

या दर्जाचा फायदाही आहे बरं का. खासगी नोकरीत साधारण कोर्ट म्हणतं, नको असलेला माणूस मालकाच्या गळ्यात बांधणार नाही, नुकसानभरपाई घ्या. सरकारी नोकराला बेकायदा काढलं तर कोर्ट नोकरीच परत देऊ शकतं. पण जो मुदतीच्या करारावर आहे त्याची गोष्ट वेगळी, 1953 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कराराप्रमाणे नोटीस देऊन करार संपवला तर 311 चं संरक्षण लागू होत नाही. आज सरकारी दवाखान्यांत, शाळांत अकरा-अकरा महिन्यांवर माणसं घेतात, एक दिवसाचा खंड देतात आणि पुन्हा घेतात. हे मला अजिबात पटत नाही, काम कायमचं आणि माणूस हंगामी, जसं काही आंब्याचा सीझन आहे.

आता जायचं कुठे. राज्य सरकारचे कर्मचारी असाल तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. झेडपीच्या कर्मचाऱ्यांना मॅट नाही, त्यांना हायकोर्ट. मॅटला मुदत एक वर्षाची, ऑर्डर निघाल्यापासून. आधी खात्याकडे लेखी अर्ज करा, सहा महिने उत्तर आलं नाही तर त्यानंतर एक वर्ष. नुसते अर्जावर अर्ज करत बसलात तर मुदत वाढत नाही, इथे फार लोक फसतात. मॅटचा निकाल पटला नाही तर 1997 पासून थेट सुप्रीम कोर्टात जाता येत नाही, आधी हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांसमोर जावं लागतं.

आणि पगाराचं एक गणित. समजा एका ताईंची 2010 ची वेतनवाढ चुकून लागलीच नाही, आणि हे त्यांच्या लक्षात आलं जून 2024 मध्ये, तेव्हा त्यांनी अर्ज दाखल केला. दर महिन्याला कमी पगार मिळतोय म्हणजे दर महिन्याला नवी चूक होतेय, म्हणून केस उशिरा आली तरी चालते. पण सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे मागची थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते. म्हणजे ताईंना पगार इथून पुढे बरोबर मिळेल, थकबाकी जून 2021 पासूनची, आणि त्याआधीची अकरा वर्षं गेली. हे कळतं ते फक्त सर्व्हिस बुक उघडून बघितलं तर, आणि आमच्या काळात ते बुक ज्या अक्षरात लिहिलेलं असायचं ते वाचायला लिहिणाऱ्यालाच बोलवावं लागायचं, आणि तो नेमका रिटायर झालेला असायचा.