जास्तीचे चारशे वीस रुपये आणि पुण्याची शेरवानी

(नागपुरातील एका वाचनालयात ग्राहकांसाठी झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज मी एका शेरवानीची गोष्ट सांगणार आहे. आपल्या नागपुरातल्या महाल भागातल्या एका शिंपीदादांनी पुण्याच्या नवरदेवासाठी साडेअठरा हजारांची शेरवानी शिवली. लग्न रविवारी सकाळी. बाहीचं काम शेवटपर्यंत चाललं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी ते पार्सल घेऊन कुरिअरच्या काउंटरवर गेले. साध्या सेवेला २२० रुपये लागत होते आणि तीन-चार दिवस. एक्सप्रेसला ६४० रुपये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "उद्या पोहोचते दादा," आणि त्यानं पावतीवर पेनानं 'उद्या दुपार' असं लिहूनही दिलं. पार्सल मिळालं सोमवारी साडेअकराला. तोवर नवरदेव जुन्या कुर्त्यावर बोहल्यावर चढून मोकळा झाला होता.

दादा माझ्याकडे आले ते डोळ्यांत पाणी घेऊनच. "ताई, मी तर जास्तीचे पैसे दिले होते ना!" हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, की आज त्याच वाक्यावर बोलायचं ठरवलं.

जास्तीच्या पैशांनी आपण नेमकं काय विकत घेतो? आपल्याला वाटतं, वेळ. खरं म्हणजे आपण एका थैलीतली जागा घेतो. काउंटरवर घेतलेली पार्सलं संध्याकाळी एका ठिकाणी जमतात, गावानुसार वेगळी होतात, आणि एक्सप्रेसची थैली विमानानं किंवा पहिल्या गाडीनं निघते. साधी थैली रस्त्यानं, गाडी भरली की निघते. म्हणून प्रत्येक काउंटरची एक शेवटची वेळ असते. या काउंटरची वेळ पाचची होती. दादांच्या पावतीवर छापलं होतं सहा चाळीस. त्यांनी पैसे भरले तेव्हा ज्या थैलीचे पैसे भरले ती निघून गेली होती, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

आता पुढचा हिशेब बघा. पाचनंतर आलेलं पार्सल कंपनीच्या लेखी शनिवारचं. पावतीमागच्या बारीक अक्षरात 'पुढील कामाच्या दिवशी' असं होतं. शनिवारनंतरचा कामाचा दिवस सोमवार. म्हणजे कंपनीच्या कागदानुसार पार्सल वेळेवर पोहोचलं! उशीर झालाच नाही, तर भरपाई कसली? त्यांचं पहिलं उत्तर अगदी असंच आलं.

म्हणून पैसे देण्याआधी काउंटरवर एकच प्रश्न नीट विचारा: "आज रात्रीच्या थैलीत जाईल का, आणि कोणत्या तारखेला हातात पडेल?" 'उद्या' हा शब्द घेऊ नका, तारीख घ्या. मध्ये रविवार किंवा सुट्टी आली तर तेही विचारा. आणि ती तारीख पावतीवर लिहून घ्या. दादांच्या पावतीवरचं 'उद्या दुपार' हेच त्यांच्या कामी आलं. आम्ही त्या पावतीचा फोटो आणि ट्रॅकिंगच्या नोंदी जोडून लेखी तक्रार केली, की तुमच्याच माणसानं दिलेलं लेखी आश्वासन छापील अटीच्या विरुद्ध जातं. दुसऱ्या पत्रानंतर कंपनीनं पूर्ण ६४० रुपये परत केले.

शेरवानीचे साडेअठरा हजार मात्र मिळाले नाहीत. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. कुरिअरच्या पावतीवर जबाबदारीची मर्यादा लिहिलेली असते, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे, भारती निटिंग कंपनीचा. तिरुपूरच्या या कंपनीनं उन्हाळी हंगामाच्या मालाची कागदपत्रं कुरिअरनं जर्मनीला पाठवली. ती वेळेत पोहोचली नाहीत, हंगाम उलटला, आणि खरेदीदारानं पैसे कापले. नुकसान हजारो जर्मन मार्कांचं होतं. न्यायालयानं भरपाई धरली १०० डॉलर, कारण पावतीवर तेवढीच मर्यादा होती आणि पाठवणाऱ्यानं सही केली होती. त्या निकालाचा सारा भार सहीवर आहे. सहीच नसेल, अट कुणी दाखवलीच नसेल, तर ग्राहक आयोगापुढे वाद घालता येतो, आणि घालावाही. पण त्या भरवशावर लग्नाची शेरवानी पाठवू नये.

टपाल खात्याचंही गणित याच मापाचं. १९८६ साली सुरू झालेल्या स्पीड पोस्टात ठरल्या मुदतीपेक्षा उशीर झाला तर वर्षानुवर्षांचा नियम आहे की भरलेलं शुल्क परत मिळतं. आतल्या कागदामुळे तुमची नोकरीची संधी गेली, त्याचे पैसे मिळत नाहीत.

यावरून मी माझ्यापुरता असा हिशेब करते. उशीर झाला तर माझं फार तर चारशे-पाचशेचं नुकसान आणि थोडी चिडचिड होणार असेल, तर एक्सप्रेसला पैसे द्यायला हरकत नाही. बहुतेक वेळा वस्तू पोहोचते. नुकसान मोठं असेल, तर तेच पैसे दुसरीकडे लावावेत. दादांनी बुधवारपर्यंत काम उरकून स्पीड पोस्ट किंवा एक्सप्रेस केलं असतं तर चुकायला दोन दिवस हाताशी राहिले असते. शुक्रवारीच निघायचं होतं, तर गणेशपेठेतून रात्री पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्स आहेत. आपल्याकडे लोक त्यातून औषधांपासून संत्र्यांच्या पेट्यांपर्यंत सगळं पाठवतात. शनिवारी सकाळी गाडी पुण्यात, आणि नवरदेवाचा चुलतभाऊ थांब्यावर जाऊन पार्सल घेतो. तिथंही पावती म्हणजे एक चिठ्ठी, हरवलं तर हातात काही नाही. पण कंडक्टरचा नंबर तुमच्याकडे असतो आणि गाडी कुठं आहे हे रात्री दोनलाही कळतं.

ऑनलाइन खरेदीचं थोडं वेगळं आहे. तिथं 'आजच मिळेल' हे वस्तू नागपूरच्या गोदामात असेल तरच खरं ठरतं. माल भिवंडीत असेल तर तुम्ही कितीही पैसे भरा, तो संध्याकाळपर्यंत धरमपेठेत येणार नाही. म्हणून आधी पिनकोड टाकून तारीख बघा आणि पैसे भरण्यापूर्वी त्या पडद्याचा फोटो ठेवा. कारण इथं कायदा तुमच्या बाजूनं जास्त ठाम आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. पूर-वादळासारखी आवाक्याबाहेरची आपत्ती असेल तेवढीच सूट. वाढदिवस उलटल्यावर आलेला केक ठेवून घेण्याची तुमच्यावर सक्ती नाही.

एक काकू मागून विचारतायत, 'दार बंद होतं' असा मेसेज येतो आणि आपण तर घरीच असतो, तेव्हा काय करायचं? काकू, त्याच क्षणी फोनमधली कॉलची यादी जपून ठेवा. त्या वेळात अनोळखी नंबरवरून एकही कॉल नसेल तर तो पुरावा आहे. सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा असेल तर त्याच दिवशी चित्रण मागा, काही दिवसांनी ते पुसलं जातं. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ऑनलाइन विक्रीत त्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. नाही केलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथंही जमलं नाही तर जिल्हा आयोग आहे. तक्रार तुम्ही राहता तिथं, म्हणजे नागपुरातच करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

शिंपीदादांनाही आयोगाची वाट खुली होती, बरं का. धंद्यासाठी घेतलेली सेवा सहसा ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्याला तो कायदा ग्राहकच मानतो. त्यांनी ती वाट धरली नाही. पुण्याच्या नवरदेवानं शेरवानी स्वागत समारंभाला घातली, अर्धे पैसे दिले, आणि उरलेले दिवाळीला देतो म्हणाला.