लोगो फोटोतल्या उजेडात कसा बसवायचा

बघा, केस अशी आहे. लक्ष्मी रोडवरचं एक दुकान, संध्याकाळी काढलेला फोटो, वर कोरा पांढरा बोर्ड आणि त्यावर आपल्याला निळा-पांढरा लोगो बसवायचाय. पर्स्पेक्टिव्ह अगदी बरोबर केला तरी लोगो चिकटवल्यासारखा दिसतो, कारण लोगोतला पांढरा २५५, २५५, २५५ आहे आणि त्या बोर्डावर तर पिवळ्या बल्बचा, साधारण २७०० केल्विनचा उजेड पडलाय.

बरेच जण इथे टेम्परेचरचा स्लायडर अंदाजाने ओढत बसतात. त्यापेक्षा सरळ मोजा. फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरला ५ बाय ५ ॲव्हरेज ठेवा आणि लोगो जिथे बसणार त्याच पृष्ठभागावरचा पांढरा उचला. समजा २४०, २१४, १६८ आला. मग तिथलाच सगळ्यात गडद भाग, समजा २६, २१, १९. आता लोगोच्या लेयरला क्लिप करून लेव्हल्स लावा आणि एकेका चॅनेलचा आउटपुट भरा, लाल २६ ते २४०, हिरवा २१ ते २१४, निळा १९ ते १६८. पांढरा आपोआप फोटोतला पांढरा होतो, आणि लोगोचा निळा २०, ७०, १८० होता तो ४३, ७४, १२४ होतो. मळकट वाटेल, पण बल्बच्या उजेडात निळा असाच दिसतो, कारण त्या उजेडात निळा भागच कमी असतो. क्लायंट म्हणेल आमचा ब्रँडचा निळा हा नाही, तेव्हा त्यांचं छापील कार्ड त्याच बल्बखाली धरून दाखवा, लगेच पटतं.

आता पांढरा उचलताना दोन गोष्टी सांभाळा. एखादा चॅनेल २५५ ला टेकला असेल तर तो नंबर खोटा आहे, तिथला रंग आधीच जळालाय, जरा बाजूचा भाग घ्या. आणि बोर्ड मुळातच क्रीम रंगाचा असू शकतो, म्हणून त्याच उजेडातली अजून एक पांढरी वस्तू बघा, दोघांचं प्रमाण जुळलं तरच विश्वास ठेवा.

खरी गंमत मिश्र उजेडात आहे. ह्या फोटोत बोर्डाच्या डावीकडे बल्ब आहे आणि उजवीकडे आकाशाचा निळसर उजेड, तिथला पांढरा १७१, १८४, २०४ येतो. एकच लेव्हल्स लावली तर अर्धा लोगो बसतो आणि अर्धा उपरा वाटतो. म्हणून लोगोच्या एकावर एक दोन कॉपी ठेवायच्या, दोन्ही टोकांना वेगवेगळं मोजून प्रत्येकीला तिची लेव्हल्स क्लिप करायची, आणि वरच्या कॉपीच्या मास्कवर ग्रेडियंट ओढायचा. बोर्डावर उजेड जिथे बदलतो तिथेच तो बदलला पाहिजे, सरसकट मधोमध नको.

शेवटी सगळ्यांत वर ह्यू-सॅच्युरेशनचा लेयर टाकून सॅच्युरेशन पूर्ण वाढवा. फोटो भडक होईल, होऊ दे, पण लोगोतला पांढरा भाग बोर्डापेक्षा गुलाबी किंवा हिरवा दिसला तर कुठला चॅनेल चुकलाय ते समोरच कळतं. तो दुरुस्त करा आणि मग हा लेयर उडवून टाका.