दिवस गेल्याचं कळण्याआधी झालेला सीटी स्कॅन

नमस्कार श्रोतेहो. क्ष-किरण विभागात काम करताना एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो: "मॅडम, तेव्हा मला दिवस गेलेत हे माहीतच नव्हतं. आता बाळाचं काय?" विचारणारीच्या हातात बहुधा जुना रिपोर्ट असतो आणि घरातलं कुणीतरी तिला सांगून मोकळं झालेलं असतं की हे मूल ठेवू नकोस.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईची शेवटची पाळी 3 मार्चला आली. 28 मार्चच्या रात्री कमरेत असह्य कळा आल्या, मूतखड्याचा संशय आला म्हणून पोटाचा सीटी स्कॅन झाला. एप्रिलमध्ये पाळी चुकली, तपासणी केली, तर दिवस गेलेले.

आधी तारखा मांडायच्या. पाळी नियमित असेल तर गर्भधारणा 17 मार्चच्या सुमारास झाली, म्हणजे स्कॅनच्या दिवशी गर्भ जेमतेम अकरा दिवसांचा होता. या काळात मोठी इजा झालीच तर गर्भ रुजत नाही. तो टिकला तर सहसा निरोगी वाढतो. अवयव घडतात ते यानंतरच्या आठवड्यांत. मेंदूच्या दृष्टीने सर्वांत नाजूक काळ म्हणजे गर्भधारणेनंतरचा आठवा ते पंधरावा आठवडा.

मग मात्रा. गर्भाला पोचलेलं रेडिएशन मिलिग्रेमध्ये मोजतात. प्रत्येक सीटीसोबत यंत्र मात्रेची नोंद ठेवतं. ती नोंद मागून घ्या. त्यावरून वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ गर्भाची मात्रा काढून देतात. आपल्या उदाहरणात ती 12 मिलिग्रे आली असं धरू. 50 मिलिग्रेपेक्षा कमी मात्रेने व्यंग किंवा गर्भपाताचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. आणि 100 मिलिग्रेच्या खाली केवळ रेडिएशनच्या कारणासाठी गर्भपात करू नये, असं किरणोत्सर्ग संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग सांगतो.

हे त्या बाईला कसं सांगायचं? "काही होत नाही, घाबरू नका" एवढ्याने तिचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. मी आधी हे सांगते की कुठलाही स्कॅन न झालेल्या शंभर गरोदर बायकांमध्येही साधारण तीन बाळांना जन्मतः काही ना काही व्यंग असतं. हे आधीच बोललं नाही, तर पुढे काहीही निघालं तरी ती आयुष्यभर त्या स्कॅनला आणि स्वतःला दोष देत राहते.

कॅन्सरच्या धोक्याबद्दल बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. "धोका दीडपट झाला" म्हटलं की समोरची बाई खचते. तेच असं सांगता येतं: हजार मुलांपैकी 998 जणांना बालपणी कॅन्सर होत नाही, अशा स्कॅननंतर तो आकडा 997च्या आसपास येतो. दोन्ही वाक्यं खरीच आहेत, पण दुसऱ्यातून तिला निर्णय घेता येतो. आपल्या उदाहरणातल्या बाईने गर्भ निश्चिंतपणे ठेवावा, असंच मी सांगेन.

भीतीने काय होतं याचा दाखला इतिहासात आहे. 1986 साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीची दुर्घटना झाली आणि दूरच्या ग्रीसमध्ये, जिथे पोचलेली मात्रा अगदी किरकोळ होती, तिथेही हव्याहव्याशा गर्भांचे मोठ्या संख्येने गर्भपात झाले. डॉक्टरांनीही घाबरून तसाच सल्ला दिला होता.

उलट बाजूही सांगायला हवी. गरोदर बाईला तीन आठवडे खोकला आहे, ताप आहे, वजन वाढत नाही, आणि तरी छातीचा एक्स-रे टाळला जातो. या एक्स-रेमधून गर्भाला फार तर 0.01 मिलिग्रे मिळतात. निसर्गातून एवढं रेडिएशन प्रत्येक बाळाला पोटात दोन-तीन दिवसांत तसंही मिळतं. निदानाविना राहिलेला क्षयरोग मात्र आईला आणि बाळाला, दोघांनाही महागात पडतो. अपघातात डोक्याला मार लागला तर डोक्याच्या सीटीचंही तसंच: किरणांचा झोत पोटापासून लांब असतो, गर्भापर्यंत नगण्य मात्रा पोचते.

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण नसतातच. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते; पहिल्या तिमाहीत रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर गरजेपुरताच आणि थोडा वेळ वापरायचा, एवढं पथ्य आम्ही पाळतो. एमआरआय कोणत्याही महिन्यात करता येतो, मात्र चित्र अधिक स्पष्ट यावं म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन गरोदरपणात शक्यतो टाळतात. त्यामुळे एमआरआयला जाताना दिवस गेल्याचं आधी सांगा.

आणि पोटाचा किंवा कमरेचा एक्स-रे, सीटी काढायची वेळ आली, तर टेबलावर झोपण्यापूर्वी तंत्रज्ञाला शेवटच्या पाळीची तारीख सांगा. त्याने विचारलं नाही तरी सांगा. शंका असेल तर लघवीची तपासणी काही मिनिटांत होते, आणि मग सोनोग्राफीने काम भागेल का, हे डॉक्टरांना स्कॅनआधीच ठरवता येतं.