नाव नसलेल्या बटणांमधून भाषेचं बटण शोधताना

नमस्कार श्रोतेहो. मोबाइल कानांनी वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरवर काम करणाऱ्यांसाठी आजचं हे बोलणं आहे. घरातल्या डोळस मंडळींनीही ऐकावं, कारण शेवटी हाक त्यांनाच मारली जाते.

समजा, तुम्ही एक कोरियन मालिका लावली. तिला हिंदी आवाज उपलब्ध आहे, पण सुरू झाली ती कोरियनमध्येच. भाषा बदलायला जावं तर स्क्रीनवर बोट फिरवताना एकच उत्तर येतं: "बटण, लेबल नाही." पुढचंही तेच, त्याच्या पुढचंही तेच. कधी त्याला एखादा निरर्थक आकडा चिकटलेला असतो. बटणावर चित्र असतं, आणि त्या चित्रामागे शब्दांत नाव लिहायचं काम ॲप बनवणाऱ्याचं असतं. ते त्यानं केलं नाही, तर वाचायला काही उरतच नाही. तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही, म्हणून टॉकबॅक बंद-चालू करत बसू नका.

पहिलं काम म्हणजे व्हिडिओ थांबवणं. नव्या अँड्रॉइडवर आणि आयफोनवर यासाठी एकच खूण आहे: दोन बोटांनी स्क्रीनवर कुठेही दोनदा टॅप करा. जुन्या अँड्रॉइडवर हे चालणार नाही, तिथे प्ले-पॉजचं बटणच शोधावं लागेल. थांबवण्याचे दोन फायदे. संवादांच्या गोंगाटात टॉकबॅकचा आवाज बुडत नाही, हा एक. दुसरा जास्त महत्त्वाचा: व्हिडिओ चालू असताना ही बटणं काही सेकंदांत नाहीशी होतात, आणि थांबवला की बहुतेक प्लेअरमध्ये ती जागेवर राहतात. बटणं आलीच नसतील, तर स्क्रीनच्या मध्यावर बोट ठेवून दोनदा टॅप करा. तरीही ती पळत असतील, तर अँड्रॉइड १० पासून पुढे ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्जमध्ये Time to take action नावाचा पर्याय आहे. तिथे वेळ २ मिनिटांपर्यंत वाढवता येते. मात्र काही ॲप ही सेटिंग पाळतच नाहीत.

आता शोध. बहुतेक ॲपमध्ये व्हिडिओ आडव्या स्क्रीनवर चालतो, म्हणजे खालची ओळ फोनच्या लांब कडेला येते. तिथे आधी वेळेची पट्टी शोधा. ती स्वतःची ओळख सहसा देते, मिनिटं सांगते किंवा टक्के. ती सापडली की डावीकडून उजवीकडे स्वाइप करत एकेक बटण मोजा. वेग, लॉक, भागांची यादी, भाषा, पुढचा भाग अशी बटणं साधारण या पट्टीच्या आसपास असतात. काही ॲपमध्ये भाषा वर उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकाच्या बटणात दडवलेली असते.

नाव कळत नसेल, तर बटण दाबल्यावर काय उघडतं त्यावरून ते ओळखायचं. एकेक बटण दाबा आणि काय ऐकू येतं ते पाहा. ०.५, १, १.५ असे आकडे आले, तर ते वेगाचं. 'ऑटो' किंवा 'एचडी' आलं, तर चित्राच्या दर्जाचं. आसपासच्या टीव्हीचं नाव आलं, तर कास्टचं. भाषांची नावं आली, की पोचलात. चुकीचं उघडलं तर मागे या: टॉकबॅकमध्ये एका बोटानं खाली आणि लगेच डावीकडे, व्हॉइसओव्हरमध्ये दोन बोटांनी पटापट मागेपुढे घासायचं. यात दोन बटणं त्रास देतात. पुढच्या भागाचं बटण दाबलं गेलं तर सरळ दुसराच भाग सुरू होतो, आणि ते बऱ्याचदा ओळीच्या शेवटी असतं, म्हणून शेवटचं बटण सर्वांत उशिरा तपासा. दुसरं लॉकचं. ते दाबलं की बाकीची सगळी बटणं गायब होतात आणि एकच उरतं. ते दाबून, काही ॲपमध्ये दाबून धरून, लॉक निघतं.

भाषांची यादी उघडली तरी खरी अडचण पुढेच आहे. बऱ्याच ॲपमध्ये एकाच पडद्यावर दोन याद्या असतात, एक आवाजाची आणि एक सबटायटलची. शीर्षकं वाचली गेली नाहीत, तर 'हिंदी' दोनदा ऐकू येतं आणि कुठलं कशाचं ते समजत नाही. यावर माझा भरवशाचा उपाय आहे: 'ऑफ' किंवा 'बंद' शोधा. आवाज बंद करायचा पर्याय सहसा नसतो, सबटायटलला मात्र असतो. म्हणजे ज्या यादीत 'ऑफ' आहे ती सबटायटलची. 'सीसी' हाही सबटायटलचाच शेपूट. उलट भाषेपुढे 'ओरिजिनल', '५.१' किंवा 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' ऐकू आलं, तर ती आवाजाची यादी. आपल्या मालिकेत क्रम असा निघाला असं धरा: कोरियन ओरिजिनल, इंग्रजी, हिंदी, मग ऑफ, इंग्रजी सीसी, हिंदी. आपल्याला हवं ते पहिलं 'हिंदी'.

कधी स्वाइप केल्यावर नुसता टिक आवाज येतो आणि शब्द काहीच नाही. ती ओळ रिकामी असेलच असं नाही. भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलेलं असतं, जपानी किंवा अरबीत, आणि तुमच्या फोनमधल्या आवाजाला ती लिपी वाचता येत नाही. अशा ओळी मोजणीत धरा, वगळू नका.

निवड केल्यावर यादी आपोआप मिटली नाही, तर कोपऱ्यात पुन्हा दोन बिननावाची बटणं असू शकतात, एक मान्य करणारं आणि एक रद्द करणारं. कुठलं कोणतं हे आवाजावरूनच कळेल: एक दाबून व्हिडिओ सुरू करा, अजून कोरियनच असेल तर ते रद्दचं होतं. भाषा बदलताना क्षणभर थांबल्यासारखं होतं, तेवढा वेळ द्या. सबटायटलची खात्री अशी कानानं होत नाही, कारण ती अक्षरं बहुतेक प्लेअरमध्ये स्क्रीन रीडरपर्यंत पोचतच नाहीत. तिथे यादी पुन्हा उघडून कुठल्या नावापुढे 'निवडलेले' येतं ते ऐका. तेही येत नसेल, तर पाहणाऱ्याला विचारण्याला पर्याय नाही.

एवढी मेहनत पुन्हा नको, म्हणून बटणाला स्वतः नाव द्या. टॉकबॅकमध्ये त्या बटणावर थांबून एका बोटानं खाली आणि लगेच उजवीकडे स्वाइप करा. मेनू उघडतो, त्यात लेबल जोडायचा पर्याय असतो. आयफोनवर दोन बोटांनी दोनदा टॅप करायचं आणि दुसऱ्या वेळी बोटं उचलायची नाहीत. 'भाषा' असं लिहा, झालं. टॉकबॅकमध्ये हा पर्याय दिसलाच नाही, तर ॲपनं त्या बटणाला आतून ओळखपत्रच दिलेलं नाही, मग नाव टिकवायला जागा नाही. आणि ॲपची मांडणी नव्या आवृत्तीत बदलली, तर दिलेलं नावही जाऊ शकतं.

आणखी एक वाट आहे. काही सेवांमध्ये प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये आवडीची भाषा ठरवता येते. तिथे चित्रांऐवजी बहुधा शब्द असतात, म्हणून प्लेअरमध्ये झगडण्यापेक्षा हे मला बरं वाटतं. डाउनलोड केलेल्या भागांत मात्र फाइलसोबत जेवढ्या भाषा उतरल्या तेवढ्याच मिळतात. हिंदी यादीतच नसेल, तर भाग ऑनलाइन लावून पाहा.

तक्रार लिहिताना 'ॲप चालत नाही' असं मोघम लिहू नका. फोन कुठला, ॲपची आवृत्ती कोणती, वेळेच्या पट्टीनंतर कितवं बटण, आणि तिथे नेमकं काय ऐकू येतं, हे लिहा. सोबत WCAG 4.1.2 हा आकडा टाका; WCAG म्हणजे वेब आणि ॲप सगळ्यांना वापरता यावेत यासाठीची नियमावली. प्रत्येक बटणाला वाचता येण्याजोगं नाव हवं, हा नियम त्या क्रमांकाखाली येतो, आणि ॲप बनवणाऱ्याला दुरुस्ती कुठे करायची ते तेवढ्यावरून समजतं.