दहा-दहाचा मुहूर्त

[दृश्य: वेंगुर्ला तालुक्यातील एका घराची पडवी. पावसाळा सरला आहे, अंगणातील दगडांवर शेवाळ अजून ओले आहे. पडवीत पुठ्ठ्याच्या पेट्या, वजनकाटा आणि भिंतीवर पंचांगाची दिनदर्शिका.]

या घरातून काजूगर, आमसुले, कोकम आगळ, फणसपोळी आणि मालवणी मसाला एका पेटीत भरून मुंबई-पुण्याला पाठवला जातो. मागणी घरच्याच संकेतस्थळावर आणि व्हॉट्सॲपवर नोंदवली जाते. २०२५ साली १० ऑक्टोबरला या कुटुंबाने पहिल्यांदा एक दिवसाचा ऑनलाइन सेल लावला आणि त्याला नाव दिले ‘१०.१०’. एरवी ११८० रुपयांना मिळणारी पेटी त्या दिवशी १०१० रुपयांना मिळणार होती. रात्रीपर्यंत शंभर पेट्या संपल्या. घरात पेढे वाटले गेले. ते पेढे किती लवकर वाटले गेले, हे दोन आठवड्यांनी वही उघडल्यावर समजले.

[दृश्य: पडद्यावर फक्त आकडे – ९.९, १०.१०, ११.११, १२.१२.]

जोडआकड्यांच्या तारखेला सेल लावण्याची पद्धत चीनमधून आली. नानजिंग विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात ११ नोव्हेंबर हा दिवस एकट्या, अविवाहित मुलांचा म्हणून साजरा करायला सुरुवात केली असे सांगितले जाते, कारण त्या तारखेत चार एकाकी एक उभे असतात. २००९ मध्ये अलीबाबाने हीच तारीख उचलली आणि २७ विक्रेत्यांना घेऊन सवलतीचा दिवस केला. ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्ट्या आणि वर्षअखेर यांच्यामधल्या सुस्त आठवड्यांत गिऱ्हाईक कसे हलवायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पुढे आग्नेय आशियातील बाजारपेठांनी ९.९, १०.१० आणि १२.१२ याही तारखा वापरात आणल्या.

अशा तारखेचे गुण अगदी साधे आहेत. ती एकदा ऐकली की लक्षात राहते. दिवस आधी लिहा किंवा महिना आधी लिहा, ती तशीच वाचली जाते. शिवाय तोच आकडा किंमतीत, वेळेत आणि पेटीवरच्या चिठ्ठीतही वापरता येतो. या घराने सेल मध्यरात्री सुरू न करता सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी उघडला आणि रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी बंद केला. ही त्यांची सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. मोठ्या कंपन्यांना मध्यरात्र परवडते, कारण त्यांच्याकडे रात्रपाळी असते. परतीच्या पावसाच्या गडगडाटात वीज आणि नेटवर्क दोन्ही कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात, मागणी येताना घरातले कोणीतरी जागे असणे आवश्यक असते.

परंतु अकरा-अकराला जसा स्वतःचा अर्थ होता, तसा दहा-दहाला आपल्याकडे नाही. तैवानमध्ये १० ऑक्टोबर हा ‘दुहेरी दहा’चा राष्ट्रीय दिवस आहे आणि भारतात तो राष्ट्रीय टपाल दिन आहे, पण पार्सल पाठवणाऱ्यांनाही बहुधा हे ठाऊक नसते. आपल्या गिऱ्हाइकाच्या मनातला अर्थ ठरतो तो भिंतीवरच्या दुसऱ्या दिनदर्शिकेने, आणि ती दिनदर्शिका दरवर्षी जागा बदलते.

[दृश्य: दिनदर्शिकेची पाने उलटली जातात. २०२४, २०२५, २०२६ – तिन्ही वर्षांचा ऑक्टोबर.]

२०२४ मध्ये १० ऑक्टोबर ऐन नवरात्रात, दसऱ्याच्या दोन दिवस आधी आला. २०२५ मध्ये दसरा आणि कोजागिरी उलटून गेल्या होत्या आणि दिवाळी दहा-अकरा दिवसांवर होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा आहेत आणि १० ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या आहे. एकच तारीख, पण गिऱ्हाईक एका वर्षी उपवासात, दुसऱ्या वर्षी फराळाच्या तयारीत आणि तिसऱ्या वर्षी पितृपक्षात.

[दृश्य: लाल कापडी बांधणीची वही. एका बाजूला २०२४, दुसऱ्या बाजूला २०२५.]

आता त्या पहिल्या सेलच्या हिशेबाकडे वळू. एका पेटीतील मालाचा खर्च ६४० रुपये, खोका आणि वेष्टन ४५, कुरिअर ११० आणि ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचे शुल्क साधारण २४ ते २८ रुपये. नेहमीच्या ११८० रुपयांच्या पेटीमागे ३५७ रुपये हाती राहतात. १०१० रुपयांच्या पेटीमागे १९१ रुपये राहतात. गिऱ्हाइकाला दिसणारी सवलत साडेचौदा टक्क्यांच्या आत आहे, पण ती सगळी नफ्यातून जात असल्यामुळे नफा जवळजवळ निम्म्यावर येतो. याचा अर्थ असा की, एरवी ४० पेट्यांत जे मिळते तेवढेच मिळवायला सेलच्या दिवशी ७५ पेट्या विकाव्या लागतात. मालाचा, खोक्याचा किंवा कुरिअरचा खर्च १७० रुपयांनी उतरलेला नसतो, उतरते ती फक्त किंमत.

तरीही शंभर पेट्या गेल्या होत्या. मग अडचण कुठे आली?

ती सेलच्या दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे होती. घरातील मुलाने, ज्याने संकेतस्थळ उभे केले होते, एकाच दिवसाचा आकडा न पाहता भाऊबीजेला संपणारे २१ दिवस मोजले. तुलनाही त्याने तारखेशी तारीख लावून केली नाही, तर तिथीशी तिथी लावून केली, आणि ही बारीक गोष्ट व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या अनेकांच्याही नजरेतून सुटते. २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि २०२५ ची २३ ऑक्टोबरला. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली असती, तर एका वर्षीचा दिवाळीचा जोर दुसऱ्या वर्षीच्या सामान्य आठवड्याशी ताडला गेला असता.

२०२४ मध्ये भाऊबीजेपर्यंतच्या २१ दिवसांत सरासरी रोज पाच, म्हणजे १०५ पेट्या पूर्ण किंमतीला गेल्या होत्या आणि त्यातून ३७,४८५ रुपये सुटले होते. २०२५ मध्ये सेलची घोषणा एक आठवडा आधी झाली आणि त्याच दिवसापासून नेहमीचे गिऱ्हाईक थांबले, कारण आठवडाभरात १७० रुपये वाचणार हे कळल्यावर आज कोण घेईल? त्या सात दिवसांत रोज दोनच पेट्या गेल्या. सेलच्या दिवशी शंभर गेल्या. त्यानंतर भाऊबीजेपर्यंतच्या तेरा दिवसांत रोज तीनच गेल्या, कारण दिवाळीच्या भेटीची पेटी बहुतेकांनी सेलमध्येच घेऊन ठेवली होती. एकूण पेट्या १५३ झाल्या, म्हणजे ४८ अधिक. हाती आलेली रक्कम ३८,०२१ रुपये झाली, म्हणजे ५३६ रुपये अधिक. त्यातच घरी पैसे देण्याच्या बोलीवर घेतलेल्या तीन पेट्या दारातून परत आल्या. जाण्यायेण्याचे कुरिअर प्रत्येकी २२० रुपये धरले, तर ६६० रुपये तिथेच गेले.

[दृश्य: परत आलेला एक खोका. कोपरा दबलेला, आगळाचा लालसर डाग.]

म्हणून सेल फसला असे म्हणता येत नाही, कारण वहीत आणखी एक रकाना होता. शंभरांपैकी किती फोन क्रमांक याआधी वहीत नव्हते, हे त्या रकान्यात टिपले होते. सेलचा खरा लाभ असलाच तर तो याच क्रमांकांत असतो आणि त्यांनी पुन्हा, पूर्ण किंमतीला, मागणी केली तरच तो लाभ ठरतो. जुनेच गिऱ्हाईक सवलतीत पेटी घेऊन गेले असेल, तर घराने आपल्याच माणसांना १७० रुपये वाटले, एवढाच त्याचा अर्थ होतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याला विक्रीवाढ म्हणू नये.

२०२६ च्या तयारीला बसताना पहिला प्रश्न घरातील सासूबाईंनी विचारला.

[सासूबाईंचा आवाज: “अवसेक खरेदी कोण करतलो?”]

प्रश्न रास्त होता. पितृपक्षात नवे कपडे, दागिने किंवा वाहन घेण्याचे अनेक घरे टाळतात. खाण्याच्या वस्तूंना ती आडकाठी तितकीशी नसते, पण भेटीची पेटी म्हणून जे दिले-घेतले जाते त्याला ती लागू होते. दिवाळीही तेव्हा महिनाभर लांब असते. म्हणून घराने तारीख तशीच ठेवली आणि पेटी बदलली. भेटीच्या पेटीला हात न लावता, आमसुले, कोकम सरबत, केळ्याचे वेफर्स आणि काजूगर अशी नवरात्राच्या उपवासाची पेटी त्या एका दिवसापुरती काढायची असे ठरले. तिची किंमत १०१० रुपये, मालाचा खर्च ५३० आणि इतर खर्च तोच धरून हाती राहतात ३०१ रुपये. ही पेटी एरवी विकली जात नसल्यामुळे तिला नेहमीची किंमतच नाही, आणि तिच्यासाठी नेहमीचे गिऱ्हाईक आपली खरेदी थांबवून बसत नाही.

पाठवणीचे वेळापत्रकही पंचांग आणि वार पाहूनच करावे लागले. १० ऑक्टोबर २०२६ हा महिन्याचा दुसरा शनिवार आहे, म्हणजे बँका बंद. ११ तारखेला घटस्थापना आहे, पण रविवार असल्यामुळे पार्सल उचलायला कोणी येणार नाही. म्हणून मागणी शनिवारी घ्यायची, पेट्या रविवारी घट बसल्यानंतर भरायच्या आणि सोमवारी सकाळी सगळ्या एकदम रवाना करायच्या, असा क्रम लागला. ‘घटस्थापनेला भरलेली पेटी’ असे संदेशात लिहिता येईल हे सुनेला सुचले, आणि अमावास्येची अडचण त्या एका ओळीने बरीचशी सैल झाली. ऑनलाइन आलेले पैसे खात्यात पोहोचायला कामाचे दोन दिवस लागतात, त्यामुळे शनिवारची रक्कम मंगळवारच्या आसपास मिळेल. काजूवाल्याचे पैसे त्याआधीच हाताशी ठेवावे लागतील.

पेट्यांची मर्यादा यंदा साठ आहे. एक माणूस तासाला आठ पेट्या नीट भरतो, म्हणजे दोन माणसांना साठ पेट्यांसाठी पावणेचार तास लागतात आणि सणाच्या दिवशी त्याहून अधिक वेळ काढणे शक्य नाही. ही मर्यादा केवळ संदेशात लिहून भागत नाही. ती संकेतस्थळावरील साठ्याच्या रकान्यात भरावी लागते, नाहीतर एकसष्टावी मागणीही स्वीकारली जाते आणि पैसे परत करण्याचे काम वाढते. ‘फक्त चार पेट्या शिल्लक’ असे दाखवायचे असेल, तर त्या खरोखर चारच असाव्या लागतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई निर्माण करणे हा फसवणुकीचा प्रकार म्हणून स्पष्ट नोंदवलेला आहे, आणि सेलची वेळ संपल्यावर ‘खास आग्रहास्तव उद्याही’ म्हणणारा विक्रेता पुढच्या वर्षीच्या तारखेची धारही स्वतःच बोथट करतो. घरपोच पैसे देण्याची सोय या दिवसापुरती बंद आहे.

[दृश्य: सून वहीत नवे पान आखते. डावीकडे तारीख, मध्ये पेट्या, उजवीकडे ‘नवा क्रमांक’ असा रकाना.]

नव्या पानावरची पहिली ओळ सेलच्या घोषणेच्या दिवसाची, ३ ऑक्टोबरची आहे. पान यंदाही भाऊबीजेलाच संपणार आहे आणि २०२६ मध्ये भाऊबीज ११ नोव्हेंबरला येते, म्हणजे नेमकी अकरा-अकराला. त्या तारखेपुढे सुनेने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : सेल नाही, फक्त मोजणी.