नऊ अक्षरं, सहा मुकी

फळ्यावर गीझ लिपीतली एकच ओळ आहे. इथिओपियाच्या चर्चमधल्या स्तोत्रग्रंथातली ही ओळ. मराठी बायबलात ती 68व्या स्तोत्राच्या 31व्या वचनात सापडेल. अर्थ असा : इथिओपिया आपले हात देवाकडे पसरील. पाच शब्द, बावीस अक्षरं. वाचायचं डावीकडून उजवीकडे. दोन शब्दांमध्ये एकाखाली एक असे दोन ठिपके आहेत, शेवटी चार.

दुसऱ्या शब्दातला ‘ब’ पाहा. दोन पाय आणि वर आडवी पट्टी, दाराच्या चौकटीसारखा. हे मूळ रूप, त्यात आपल्यासारखाच ‘अ’ मुरलेला. उजव्या पायाला मध्यावर काडी लावली की ‘बु’, तीच खाली तळाशी आली की ‘बि’. अशी प्रत्येक व्यंजनाची सात रूपं होतात. आपली बाराखडी आठवली ना? पण इथे मात्रा वेगळी काढता येत नाही, ती अक्षराच्या अंगातच असते.

खरी अडचण सहाव्या रूपाची. ‘ब’च्या डाव्या बाजूला काडी आली की तो एकतर नुसता ‘ब्’, नाहीतर ‘ब’ला जोडून इ-उच्या मधला एक आखूड, पुसट स्वर. मी तो इथे ‘इ’ने दाखवतो. दोन्हींसाठी खूण एकच! या ओळीत सहाव्या रूपाची नऊ अक्षरं आहेत. त्यांतली सहा मुकी आहेत, तिघांना स्वर आहे.

कुठली ते कसं ओळखायचं? शब्दाच्या सुरुवातीला स्वर असतोच, शेवटी नसतो. मधलं मात्र शब्द ओळखल्याशिवाय कळत नाही. शेवटचा शब्द घ्या, देवाचं नाव : इग्झिअब्हेर. म्हणजे ‘बिहेर’चा, भूमीचा, धनी. ‘बिहेर’ एकटा आला की ‘ब’ला स्वर आहे, समासात तोच ‘ब’ मुका होतो. ‘कमल’ म्हणताना आपण ‘म’ पूर्ण उच्चारतो आणि ‘कमला’ म्हणताना ‘कम्ला’ म्हणतो, लिहिताना काहीच बदलत नाही, तसंच हे.

दुसऱ्या शब्दात तर आणखी एक गोष्ट लपली आहे. अक्षरं आहेत ता, ब, च, ह. हा ‘च’ ‘चमचा’तला. नवखा माणूस ‘ताबच्ह’ वाचतो. पण हे ‘पोचवते, पसरते’ अशा अर्थाचं स्त्रीलिंगी क्रियापद आहे, आणि त्या रूपात मधलं व्यंजन दुप्पट होतं : ता-बच्-चिह. द्वित्वाची खूण लिपीत नाहीच. ते व्याकरणातून येतं, आणि चर्चच्या शाळेतली मुलं ते गुरूंच्या तोंडून ऐकून पाठ करतात. मला या लिपीत सगळ्यात भावतं ते हेच.

आता ‘ह’. या ओळीत तीन वेगळ्या घराण्यांचे ‘ह’ आहेत, आज तिन्ही एकसारखेच उच्चारतात, आपल्या श-ष सारखे. म्हणून जुन्या हस्तलिखितांत लेखनिक एकाच्या जागी दुसरा सर्रास लिहितात. शब्दकोशात शब्द सापडला नाही, तर उरलेल्या दोन ‘ह’खालीही शोधून पाहा.

चला, माझ्यामागून म्हणा : इत्योप्या, ताबच्चिह, इदविहा, हब, इग्झिअब्हेर.