एक चेहरा, दोन शैली आणि एक पोस्टर

(उपयोजित कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज एकाच पोस्टरबद्दल बोलणार आहे. सीतेवरचा एकपात्री प्रयोग आहे आणि तो करणारी अभिनेत्री पन्नाशीची आहे. सावळा रंग, रुंद जबडा, समोरच्या दोन दातांत फट, डाव्या गालावर तीळ. पोस्टर बघून तिच्या गल्लीतल्या माणसाने म्हणायला हवं, "अरे, ही तर आपली ताई!" दिग्दर्शकाला दोन शैली हव्या होत्या. आकृतीला राजा रविवर्म्याच्या ओलिओग्राफची झळाळी पाहिजे, म्हणजे लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातून निघून घरोघरच्या भिंतींवर लागलेल्या चित्रांची. पार्श्वभूमी मात्र चित्रकथीची, आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची. ठसठशीत काळी रेघ, सपाट रंग. म्हणजे संगणकाला तीन चित्रं द्यायची, एक चेहऱ्याचं आणि दोन शैलीची, आणि त्यातून एक पोस्टर काढायचं.

हे काम एसडीएक्सएल या चित्रं तयार करणाऱ्या मॉडेलवर, कम्फीयूआय या साधनात केलेलं आहे. शैलीसाठी आयपी-ॲडॅप्टर आणि चेहऱ्यासाठी इन्स्टंटआयडी, म्हणजे आपण दिलेलं चित्र मॉडेलपर्यंत पोचवणारी दोन जोडसाधनं. तुम्ही दुसरं साधन वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, अडचण तीच राहील.

अडचण काय? तिन्ही चित्रं तशीच जोडून दिली की पोस्टर देखणं येतं आणि त्यातली बाई कुणी भलतीच असते. गोरी, गोल चेहऱ्याची, मोठ्या पाणीदार डोळ्यांची. यावर बहुतेक जण चेहऱ्याचं वेट, म्हणजे त्या चित्राचा जोर, वाढवतात, ०.८ वरून १, मग १.२. तेवढ्याने कातडी मेणासारखी चकाकायला लागते, सावल्या करपतात, मान ताठ समोर येते आणि अंगाला चित्राचा पोत असताना डोकं मात्र फोटोतून कापून चिकटवल्यासारखं दिसतं. एवढं करून चेहरा तिचा होत नाहीच.

कारण चेहरा कमी पडलेला नसतो, त्या पोस्टरमध्ये तीन चेहरे भांडत असतात. ओलिओग्राफमधल्या नायिकेला स्वतःचा चेहरा आहे. चित्रकथीतल्या पात्रांनाही आहे, आणि तो बहुतेकदा एका बाजूने काढलेला, भल्यामोठ्या डोळ्याचा. आपण "शैली" म्हणून चित्र देतो, पण आयपी-ॲडॅप्टरला शैली आणि विषय असा भेद आपोआप कळत नाही. तो चित्रात जे आहे ते सगळं उचलतो. रंग, पोत, आणि त्याबरोबर ती बाईसुद्धा.

हे तपासायची एक सोपी चाचणी आहे. सीड म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, प्रॉम्प्ट आणि दोन्ही शैली जशाच्या तशा ठेवा आणि चेहऱ्याचा रेफरन्स तेवढा बंद करून चित्र पुन्हा काढा. आलेली बाई मघाच्या पोस्टरमधल्या बाईसारखीच दिसली, तर समजा की पोस्टरमधला चेहरा शैलीची चित्रंच घडवत होती. वेटला हात लावण्याआधी हे करून बघत जा.

म्हणून पहिलं काम कात्रीचं. शैलीच्या चित्रांतून चेहरे काढून टाकायचे. ओलिओग्राफमधला पदराचा, जरीकाठाचा, दागिन्यांचा आणि मागच्या धूसर आभाळाचा भाग चौकोनी कापून घेतला. चित्रकथीतून झाडं, कमान, रथाचं चाक आणि नक्षीचा काठ घेतला. चौकोनी कापण्यालाही कारण आहे. शैली वाचणारा भाग चित्र २२४ गुणिले २२४ पिक्सेल एवढं लहान करून बघतो आणि बहुधा मधला चौकोनच घेतो. उभं चित्र तसंच दिलं की वरखालचा भाग गळतो आणि मधोमध नेमकं नायिकेचं तोंड उरतं. हवं ते आपणच निवडून चौकोन करून दिलेलं बरं.

दुसरं, दोन शैलींची सरमिसळ करायची नाही. दोन्ही चित्रं एकाच ॲडॅप्टरमध्ये घालून सरासरी काढण्याची सोय असते. तिने ना धड ओलिओग्राफ ना धड चित्रकथी असं काहीतरी येतं, म्हणजे गुळगुळीत छटांवर अर्धवट काळ्या रेघा. त्यापेक्षा दोन वेगळे ॲडॅप्टर लावा आणि `attn_mask` वापरून, म्हणजे परिणाम कुठे हवा ते दाखवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या मास्कने, प्रत्येकाला जागा वाटून द्या. चित्रकथीच्या मास्कमध्ये पार्श्वभूमी पांढरी आणि आकृती पूर्ण काळी. ओलिओग्राफच्या मास्कमध्ये आकृती पांढरी, बाकी काळं, आणि चेहऱ्याच्या जागी करडा. करडा म्हणजे तिथे शैलीचा जोर कमी. पूर्ण काळा केला तर चेहऱ्याला चित्राचा पोत मिळत नाही आणि तो पुन्हा फोटो दिसायला लागतो. मास्कच्या कडा मऊ ठेवा. मॉडेल आतून ज्या जाळीवर काम करतं तिचं एक घर काही थरांत ३२ पिक्सेलचं असतं, त्यामुळे केसाएवढी बारीक कड त्याला कळतच नाही.

आणि `weight_type` मध्ये `style transfer` निवडा. एसडीएक्सएलमध्ये रंग-पोताचा परिणाम मुख्यतः एका विशिष्ट थरातून होतो आणि मांडणीचा दुसऱ्याच थरातून. `style transfer` शैलीच्या थरापुरतंच चित्र पोचवतं, त्यामुळे नायिकेचा बांधा आणि नाकडोळे बरेचसे बाहेर राहतात. पण पूर्ण नाही. कात्री म्हणूनच आधी.

आता चेहऱ्याकडे वळू. इन्स्टंटआयडी दोन गोष्टी घेतं. एक, चेहऱ्यावरचे पाच बिंदू, म्हणजे दोन डोळे, नाकाचं टोक, ओठांचे दोन कोपरे. त्यावरून डोकं कुठे आणि कसं वळलेलं आहे ते ठरतं. दुसरी, चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलने काढलेली ५१२ आकड्यांची ओळ. ही ओळ चेहरा ११२ गुणिले ११२ पिक्सेल एवढा लहान करून काढलेली असते, तेव्हा चोवीस मेगापिक्सेलचा फोटो दिल्याने साम्य वाढत नाही. फोटो कसा काढला याने वाढतं. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं होतं आणि कान मागे जातात, आणि ते आकड्यांतही उतरतं. दीड-दोन मीटरवरून, एकसारख्या मऊ उजेडात, आणि पोस्टरमध्ये मान जशी वळलेली हवी तशीच वळवून फोटो घ्या.

त्या आकड्यांत काय नसतं, तेही लक्षात ठेवायला हवं. हे मॉडेल माणूस उजेडात असो वा सावलीत, चष्म्यासकट असो वा बिनचष्म्याचा, एकच म्हणून ओळखायला शिकलेलं असतं. म्हणून कातडीचा नेमका रंग, तीळ, दातांतली फट त्यात भरवशाने टिकत नाही. आपण माणूस ओळखतो तो बऱ्याचदा याच खुणांवरून. वर शैलीचं चित्र गोऱ्या नायिकेचं असलं तर सावळा रंग हमखास उजळतो. कुणी म्हणेल, छान दिसतेय की. छान दिसण्याचा प्रश्नच नाही, ती बाई तशी नाही. सावळा रंग आणि वय प्रॉम्प्टमध्ये स्पष्ट लिहा. "सुंदर" हा शब्द मात्र लिहू नका, त्याने वय वीस वर्षांनी उतरतं. तीळ आणि फट शेवटी हाताने रंगवून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आकडे सांगतो, पण ते सुरुवात म्हणून घ्या. कॅनव्हास ८३२ गुणिले १२१६. इन्स्टंटआयडी ०.८. प्रॉम्प्ट किती काटेकोर पाळायचं ते ठरवणारं `cfg` ४.५, कारण ते सातावर नेलं की इन्स्टंटआयडीबरोबर रंग करपतात. ओलिओग्राफ ०.६, चित्रकथी ०.८.

पहिल्या फेरीत चेहरा पूर्ण जमेल अशी आशा धरू नका, त्यालाही कारण आहे. मॉडेल चित्र आठपट लहान करून त्यावर काम करतं. पोस्टरमध्ये उभी आकृती असेल आणि चेहरा शंभर पिक्सेलचा असेल, तर मॉडेलच्या हातात चेहऱ्यासाठी बाराएक घरं उंची येते. एका डोळ्याला दोन घरं! कितीही वेट वाढवा, दोन घरांत कुणाचाच डोळा मावत नाही. म्हणून पहिल्या फेरीत फक्त मांडणी, रंग आणि मानेचा कल जमला की पुरे.

मग छपाईच्या आकाराला मोठं करायचं. तिप्पट केलं की २४९६ गुणिले ३६४८ होतं, वरखाली थोडं छाटलं की ए-टू कागदाला इंचाला दीडशे पिक्सेलच्या हिशेबाने पुरतं. मोठं करणारी साधनं चेहऱ्याचे तपशील मनाने भरतात, त्यामुळे चेहऱ्याची फेरी त्यानंतर, आधी नाही. डोक्याभोवतीचा चौकोन कापून १०२४ गुणिले १०२४ करा, तिथे इन्स्टंटआयडी पुन्हा लावा, ओलिओग्राफ ०.३ वर आणा, चित्रकथी पूर्ण बंद. `denoise`, म्हणजे आधीचं चित्र किती बदलायचं ते, ०.४ ते ०.५. खाली ठेवलं तर आधीची परकी बाई हटत नाही, फार वर नेलं तर मान आणि केसांचा जोड तुटतो. आलेला चेहरा मऊ मास्कने मूळ पोस्टरवर बसवा. पोस्टरमध्ये ती अभिनेत्री दिसायला लागते ती या फेरीत.

मागून प्रश्न आलाय, की साम्य आकड्यात मोजता येत नाही का. येतं, दोन चेहऱ्यांच्या आकड्यांच्या ओळी किती जुळतात ते काढता येतं. पण इन्स्टंटआयडी ज्या मॉडेलचे आकडे घेऊन चेहरा घडवतं, त्याच मॉडेलने मोजलंत तर गुण चांगलेच येणार, परीक्षार्थीच परीक्षक झाला. मोजायचंच तर दुसऱ्या मॉडेलने मोजा. त्याहून बरं म्हणजे तिला ओळखणाऱ्या माणसाला काही न सांगता पोस्टर दाखवा आणि "ही कोण?" एवढंच विचारा. "ही अमुकसारखी दिसते का?" असं विचारलंत की लोक हो म्हणतात.

अक्षरांचं लवकर सांगतो. नाटकाचं नाव मॉडेलकडून लिहून घ्यायचं नाही, जोडाक्षरं मोडतात. वरची जागा मोकळी सोडा आणि अक्षरं नंतर स्वतः बसवा.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. रविवर्मा 1906 मध्ये वारले, त्यांच्या चित्रांचा हक्काचा प्रश्न उरलेला नाही. चित्रकथीचं तसं नाही, ती पिंगुळीत आजही काढली जाते. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेच्या कामासाठी. माझं मत विचाराल तर तो काठ आणि ती झाडं तिथल्या चित्रकाराकडून पैसे देऊन काढून घ्या आणि स्कॅन करून थेट पार्श्वभूमीला लावा. मग दुसऱ्या ॲडॅप्टरची, त्याच्या मास्कची गरजच उरत नाही, आणि रेघही खरी मिळते.

दुसरी गोष्ट परवान्याची. इन्स्टंटआयडी चेहरा ओळखायला इनसाइटफेसची तयार मॉडेलं वापरतं आणि ती फक्त अव्यावसायिक संशोधनासाठी खुली आहेत. वर्गातल्या सरावाला चालेल. तिकीट लावलेल्या प्रयोगाच्या पोस्टरला वेगळा परवाना घ्यावा लागेल, नाहीतर `ip-adapter-plus-face_sdxl_vit-h` वापरावं लागेल. ते इनसाइटफेसवर अवलंबून नाही. चेहरा थोडा कमी पकडतं आणि फोटोतली केशरचना, उजेडसुद्धा सोबत आणतं, म्हणून त्याला फोटो देताना चेहऱ्यापुरता कापून द्या आणि दुसऱ्या फेरीला जरा जास्त वेळ ठेवा. आणि अभिनेत्रीची लेखी परवानगी आधी घ्या, तिला पोस्टर दाखवून मग नव्हे.